'निनावी' चालत नाही, मग काय लिहू?

दौत
तालुक्याच्या एका छोट्या रुग्णालयातला अभ्यास आहे. नीतिसमितीकडे जाणारा त्याचा दोन पानी सारांश मी मराठीत करून देते आहे. मधुमेहाचे ४० रुग्ण. नेहमीच्या तपासणीला सुई टोचतात त्याच वेळी ५ मिली रक्त जादा घ्यायचं, तळपायाला नायलॉनचा तंतू टेकवून संवेदना बघायची आणि तीन महिन्यांनी फोन करून पायाला जखम झाली का ते विचारायचं. गोपनीयतेच्या परिच्छेदात मी लिहिलं, "सहभागींची माहिती निनावी ठेवली जाईल." समितीतल्या एका बिगर-वैद्यकीय सदस्यांचा शेरा आला: "निनावी, तर फोन कोणाला करणार?" दुसरा शब्द सुचवा. अनामिक? नामरहित? शुक्रवारी द्यायचं आहे.

अक्षरपट्टी
'निनावी'ला मराठीत चांगला वास नाही. निनावी पत्र, निनावी तक्रार. तिथे लिहिणारा स्वतःच नाव लपवतो. 'बेनामी' जमिनीला चिकटलेला. 'अनामिक' म्हटलं की करंगळीशेजारचं बोट आठवतं. 'नामविरहित' लिहा, शुद्ध आहे.

खडू
मी सहा वर्षं एका नीतिसमितीचं कार्यालय सांभाळलं. तो शेरा शब्दाबद्दल नाही. नाव आणि माहिती यांचा दुवा कायमचा तुटला तरच माहिती निनावी. तुमच्याकडे नाव आणि फोन नंबरांची यादी कुठेतरी राहणार, म्हणजे दुवा शाबूत आहे. त्याचा परिणाम दोन परिच्छेद पुढे दिसतो. तिथे तुम्ही "कधीही माघार घेता येईल" असं लिहिलं असणार. यादी असेल तर माघार घेणाऱ्या बाईचा कागद शोधून काढता येतो. खरोखर निनावी असेल तर कोणता कागद तिचा, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. म्हणून सरळ लिहा: "तुमच्या माहितीच्या कागदावर नावाऐवजी क्रमांक असेल. कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी मुख्य संशोधकांकडे वेगळ्या कुलपात राहील आणि अभ्यास संपल्यावर अमुक महिन्यांनी नष्ट होईल."

दौत
क्रमांक आहेच. केसपेपरचाच नंबर घेतला आहे.

खडू
मग तो उपयोगाचा नाही. केसपेपरचा नंबर रेकॉर्ड रूममध्ये सांगितला की दोन मिनिटांत फाइल हातात येते. म-०१ ते म-४० असे नवे द्या. आणि तक्त्यात गाव, वय, धंदा असे तिन्ही रकाने आहेत का? लहान गावातला ६२ वर्षांचा कुंभार एकच असतो. नाव खोडून काय मिळवलं?

गोदाकाठ
माझ्या आईचा अनुभव सांगतो. अशाच एका अभ्यासात तिचा अंगठा घेतला. कागदावर तिचं पूर्ण नाव होतं, मग कसली गोपनीयता? आणि साक्षीदार म्हणून सही केली ती माहिती गोळा करणाऱ्या ताईंनीच.

खडू
संमतिपत्रावर नाव असणारच, नाहीतर संमती कोणाची? ते माहितीच्या कागदांपासून वेगळं ठेवायचं असतं. पण साक्षीदाराबद्दल तुम्ही बरोबर आहात. वाचता न येणाऱ्या माणसाला सगळं वाचून दाखवताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो. त्या ताई चालत नाहीत.

अक्षरपट्टी
'क्रमांक' फार ढोबळ झाला. 'संकेतांक' हा नेमका शब्द आहे. रुग्णांना समजत नाही म्हणून आपण किती खाली उतरायचं?

मोगरी
मी त्वचारोगाच्या ओपीडीत नर्स आहे. आमच्याकडे एका आजींना "तुम्हाला कोड देतो" म्हटलं, तर त्या हातावरचे डाग शोधायला लागल्या. आमच्या भागात कोड म्हणजे पांढरे डाग. त्यामुळे 'कोड' नकोच. पण 'संकेतांक' वाचून दाखवला की त्या मान डोलावतात आणि काही विचारत नाहीत. त्या मान डोलावण्याची मला जास्त भीती वाटते.

अक्षरपट्टी
सारांश समिती वाचते, आजी नाही. रुग्णांसाठी वेगळं माहितीपत्रक असतं.

मोगरी
पत्रक सारांशावरूनच उतरवतात. आमच्याकडे तरी तसंच झालं.

गोदाकाठ
अवांतर: 'धोके' लिहिलंय की 'जोखीम'? आईला 'धोका' ऐकून फसवणूकच वाटली होती.

अक्षरपट्टी
जोखीमच. जोखणे म्हणजे वजन करणे, तोलून पत्करायची ती जोखीम.

खडू
व्युत्पत्ती मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण माझे आजोबा 'जोखमीचा ऐवज' म्हणायचे तेव्हा त्यात सांभाळायची जबाबदारी आली. तो अर्थ इथे मला आवडेल. तरी दोन्ही शब्द टाळून "सुई टोचल्या जागी दुखेल, काळंनिळं पडेल" एवढं लिहिलेलं बरं.

दौत
केसपेपर नंबर बदलायला डॉक्टर तयार आहेत. गावाचा रकाना मात्र हवाच म्हणतात, कारण अनवाणी चालणं गावागणिक बदलतं. आता त्या रकान्याबद्दल काय लिहू?

अक्षरपट्टी
आधी 'नामविरहित'चं ठरवा.