डब्यातली चिठ्ठी : नव्या शाळेचा पहिला आठवडा

नव्या शाळेत बावरलेल्या मुलाच्या डब्यात आपण चिठ्ठी ठेवली असेल, तर तिच्यात नेमके काय लिहिले होते आणि मुलाने तिचे काय केले, हे कृपया येथे लिहावे.

एक प्राथमिक शिक्षिका : तासाला कोठे बसायचे हे ठरलेले असते, पण डबा कोणाजवळ बसून खायचा हे कोणीच ठरवून देत नाही, त्यामुळे नव्या मुलाला मधली सुट्टीच सर्वांत जड जाते आणि चिठ्ठी नेमकी त्याच वेळी हाती पडते. 'तुझी फार आठवण येते' हे वाचून, सकाळभर सावरून बसलेली मुले रडू लागलेली मी पाहिली आहेत. त्याऐवजी 'सुटल्यावर मी फाटकाच्या डाव्या बाजूला, निळी छत्री घेऊन उभी असेन' असे लिहिलेले मुलाच्या अधिक उपयोगी पडते. वाचता न येणाऱ्या मुलासाठी तीच छत्री काढावी.

तिसरीतल्या मुलाचे वडील : आमचा मुलगा कोणाशीही बोलत नव्हता, म्हणून मी चिठ्ठीत एक कोडे लिहिले आणि उत्तर न देता 'शेजारच्याला विचारून बघ' एवढेच खाली जोडले. पहिल्या दिवशी त्याने विचारले नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलानेच डोकावून उत्तर सांगितले, तेही चुकीचे, आणि त्यावरून दोघांचा वाद झाला. आठवडा संपता संपता 'उद्या दोन कोडी लिहा, एक त्याच्यासाठी' अशी मागणी आली. मात्र कोड्याच्या नादात डबा अर्धा परत येऊ लागला, तेव्हा कोडी सोपी करावी लागली.

एक आजोबा : नातवाला शेंगदाणे चालत नाहीत, अशी चिठ्ठी आम्हीही बाईंसाठी डब्यात ठेवत असू.

शिक्षिका : आजोबा, तो मजकूर शाळेच्या डायरीत लिहून शिवाय प्रत्यक्षही सांगावा, मुलांचे डबे आम्ही उघडतोच असे नाही.

एक मावशी : बॉलपेनने लिहिले म्हणजे चिठ्ठी खराब होत नाही.

पाचवीतल्या मुलाची आई : शाई फुटत नाही हे खरे, पण गरम डब्याच्या वाफेने कागदाचा लगदा होऊन तो अन्नाला चिकटतो, म्हणून चिठ्ठी डब्याबाहेर, हातरुमालाच्या घडीत ठेवावी. शिवाय या वयात दुसरीच अडचण येते. आमची चिठ्ठी मुलांनी हिसकावून मोठ्याने वाचली, तेव्हा मुलाने स्वतःच तोडगा सुचवला : शब्द नकोत, रुमालाच्या कोपऱ्याला फक्त एक गाठ मारायची. तिचा अर्थ आम्हा दोघांनाच ठाऊक असे.

वडील : चिठ्ठ्या थांबवायच्या केव्हा? आमचा मुलगा आता दुसऱ्याच तासाला दप्तरात हात घालून चिठ्ठी शोधतो.

शिक्षिका : शुक्रवारी 'सोमवारपासून चिठ्ठी नसेल' असे आधी सांगून थांबवावे, असे माझे मत आहे.

पाचवीतल्या मुलाची आई : मला हे पटत नाही. आमच्याकडे मूलच एक दिवस गाठ नको म्हणाले, आणि पुढच्या परीक्षेच्या दिवशी पुन्हा मागून घेतली.