ऑटिझम असलेल्या पोराला पाव्हण्यांनी भेटायचं कसं? चवथीच्या आधी मतं हवीत

फोंड्याची_सून: माझा मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलतो पण थोडं. चवथीला मूळ घरी जायचंय, तिथे तीस-पस्तीस माणसं. दारात पाऊल ठेवलं की "आलाsss माझो बाबूsss" करून गालगुच्चे, पापे, "माझ्याकडे बघ, मी कोण सांग." तो आक्रसतो, कान झाकतो. सासूबाई म्हणतात मोठ्यांना नमस्कार करायलाच हवा. लोकांना आधी सांगावं, की गुपचूप नेऊन बघावं?

डिचोलीचे_आजोबा: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नमस्कार, वाकून पाया पडणं हे लहानपणी नाही लावलं तर कधी लावणार? आमच्या वेळेला असली नावं नव्हती, पोरं रडायची आणि दोन दिवसांत रुळायची. पस्तीस माणसांनी एका पोरासाठी बदलायचं हे काही पटत नाही.

स्पेशल_एड_म्हापसा: आजोबा, रुळलेली दिसायची, पण ती गप्प व्हायची, त्याला रुळणं म्हणत नाहीत. मी बरीच वर्षं अशा मुलांसोबत काम करते. दारातल्या त्या दोन मिनिटांत होतं काय ते सांगते. पोर दीड तास गाडीतून आलेलं, अंगणात उतरल्यावर माटोळीचा वास, घुमट-समेळाचा आवाज, नवीन कपड्याची टोचणी, आणि त्यात पाच जण एकदम बोलतायत. त्याला एकेका प्रश्नाचा अर्थ लावायला वेळ लागतो. आत्या विचारते "मी कोण?", दोन सेकंदात उत्तर आलं नाही की तोच प्रश्न अजून मोठ्याने, वेगळ्या शब्दांत. झालं, त्याचं अर्धं लावलेलं परत पहिल्यापासून. म्हणून एकदा बोललात की मनात दहा मोजा, मध्ये काही म्हणू नका. बरेचदा सातव्या-आठव्याला उत्तर येतं, पण तोपर्यंत आपल्याकडे कोण थांबतं?

आणि प्रश्न विचारूच नका ना पहिल्यांदा. आत्याने हातभर लांब, थोडं बाजूला बसायचं, समोरासमोर नाही आणि मागून तर अजिबात नाही. नेहमीच्या आवाजात नाव घेऊन म्हणायचं, "नील, मी शोभाआत्या. तुझ्या गाडीला लाल चाकं आहेत." बास. प्रश्न नाही म्हणजे नापास व्हायची भीती नाही. त्याने गाडी जरा तिच्याकडे सरकवली तरी ती भेट झाली असं समजा. (नाव उदाहरणादाखल हां.)

पर्वरी_पप्पा: अर्धं पटलं. पण डोळ्यात बघणं शिकवायला नको का? आमच्या मुलीच्या थेरपीत ते गोलच होतं, आता ती कपाळाकडे बघते, समोरच्याला कळतही नाही. पुढे इंटरव्ह्यूला, बँकेत लागणारच ना हे.

पणजी_हिशेबनीस: मी एकोणतीसचा, ऑटिस्टिक, एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. तुमच्या मुलीला जमतंय ते चांगलंच, पण मला विचाराल तर डोळ्यात बघायचं किंवा ऐकायचं, दोन्ही एकत्र होत नाही. बॉस बोलत असताना मी टेबलाकडे बघतो तेव्हा एकेक आकडा लक्षात राहतो, त्याच्याकडे बघायला लागलो की त्याच्या भुवया लक्षात राहतात आणि जीएसटीचं काय म्हणाला ते गेलं. 2017 च्या एका अभ्यासात मेंदूचं स्कॅन करताना नजर मुद्दाम डोळ्यांवर ठेवायला लावली, तेव्हा ऑटिस्टिक लोकांमध्ये भावना आणि धोक्याशी जोडलेला भाग जास्तच चेतलेला दिसला. म्हणजे अनेकांच्या बाबतीत हे निव्वळ दुर्लक्ष नसतं.

एक गोष्ट मॅडमना सांगायची आहे. "शांतपणे बोला" म्हटलं की लोक कुजबुजत, लाडात, देवळात बोलल्यासारखं बोलतात, मला ते ओरडण्याइतकंच नको वाटतं. साधं बोला. आणि मोठ्या माणसाला भेटताना माझ्या भावाला "ह्याला चहा चालतो का?" विचारू नका, मी तिथेच उभा असतो, मला चालतो, साखर कमी. हात पुढे करायचा असेल तर आधी "हात मिळवू की नुसता नमस्कार?" विचारा, मी बहुतेक लांबूनच हात जोडतो, त्यात कोणाचा अपमान होत नाही.

काणकोणकर_७१: अगदी बरोबर विषय काढलात. माझा नातूसुद्धा मोबाईलातून मान वर काढत नाही, कोणी आलं तरी. मोबाईल बंद केला की सगळं सुधारतं.

फोंड्याची_सून: काका, ते वेगळं हो. माझा मुलगा मोबाईल न बघताच असा आहे.

साखळी_ताई: माझं उलटंच आहे! माझा मुलगा ऑटिस्टिक आणि तो अनोळखी माणसालाही घट्ट मिठी मारतो, त्यामुळे "ऑटिझमवाल्यांना हात लावू नका" असा नियम केलात की त्याला सगळे ढकलतात. त्याला हलका हात, केसातून बोटं अजिबात नको, झिणझिण्या येतात म्हणतो, पण घट्ट दाबलेलं आवडतं. म्हणून नियम कसला करायचा, विचारायचं, किंवा हात पुढे करून थांबायचं आणि तो काय करतो ते बघायचं.

स्पेशल_एड_म्हापसा: ताई, बरोबर. फक्त मिठीलाही "आधी विचार" हे त्यालाही शिकवा, मोठा झाल्यावर लोक वेगळा अर्थ काढतात. तोच नियम उलट बाजूनेही. नको म्हणणाऱ्या पोराला काकांच्या मांडीवर जबरदस्तीने बसवलं की "नको म्हटलं तरी मोठ्यांना चालतं" हे तो शिकतो, ती भीती मला नमस्कारापेक्षा मोठी वाटते. आणि त्रास लगेच दिसेलच असं नाही. पोर दारात निमूट सगळ्यांच्या पाया पडतं, सगळे कौतुक करतात, आणि दोन तासांनी आरतीला नाहीतर जेवताना क्षुल्लक कारणावरून कोसळतं. तेव्हा लोक पाटोळीला दोष देतात. आधीच्या खुणा बघा. खांदे वर जाणं, एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणणं, गुणगुणणं वाढणं. तेव्हाच मागच्या पडवीत न्या.

डिचोलीचे_आजोबा: मांडीवर बसवायचं मला काही पडलेलं नाही. पण देवासमोर तरी हात जोडायला हवेत की नकोत?

पणजी_हिशेबनीस: आजोबा, आरती सुरू व्हायच्या आधी, गर्दी नसताना एकदा नेऊन दाखवलं तर मी लहानपणी आपसूक हात जोडायचो. घुमट वाजायला लागलं की दारापर्यंत पळायचो. भक्ती तीच होती बहुतेक.

फोंड्याची_सून: मग आधी सांगायचं की नाही? फॅमिली ग्रुपवर टाकू का: "नील गर्दीत घाबरतो, लांबूनच हाय करा, त्याने उत्तर नाही दिलं तरी त्याने ऐकलंय, पापे-गालगुच्चे नकोत"? की ऑटिझम शब्दही टाकू? (नील चालू दे, मला आवडलं.)

पर्वरी_पप्पा: शब्द नका टाकू. एकदा ग्रुपवर गेलं की सगळ्या गावात, लग्नाच्या वेळेपर्यंत फिरतं.

साखळी_ताई: मी तर टाकते. शब्द नसला की "लाडावलाय" हा शब्द लोक स्वतःच टाकतात.

पणजी_हिशेबनीस: मोठ्या झालेल्या नीलला हा निर्णय आवडेल का, तेवढं बघा. अमेरिकेत ऑटिस्टिक लोकांच्याच मेळाव्यात रंगीत बिल्ल्यांची पद्धत आहे, लाल म्हणजे माझ्याशी बोलायला येऊ नका, पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच, हिरवा म्हणजे या. पण तिथे बिल्ला माणूस स्वतः लावतो आणि हवा तेव्हा बदलतो. पोराच्या छातीवर आईने लावला तर ती पाटी होते.

फोंड्याची_सून: ठीक, मेसेज टाकते, तो शब्द न घालता. नमस्काराचं सासूबाईंशी बोलले, त्या म्हणतात त्यांना लांबून चालेल, पण थोरल्या काकांसमोर वाकायलाच हवं. नवऱ्याने तो विषय माझ्यावर ढकललाय.

डिचोलीचे_आजोबा: थोरल्या काकांशी नवऱ्यानेच बोलावं. सुनेने सांगितलं तर ते ऐकणार नाहीत, एवढं मी खात्रीने सांगतो.