ड्रायरला थर्मल फ्यूज लागतोच का? फर्मवेअर पुरे नाही का?

संकेत_टिळकवाडी (मूळ पोस्ट)
पावसाळ्यात फणसाचे पापड आणि सांडगे वाळवायला घरी ड्रायर केलाय. प्लायवूडची पेटी, आतून ॲल्युमिनियम पत्रा, 750 वॅटचा फिनवाला हीटर, पंखा, हीटर चालू-बंद करायला SSR, कोड चालवायला ESP8266, वरच्या ट्रेला DS18B20 तापमान सेन्सर. सेट 55 अंश. कोडमध्ये 70 च्या वर गेलं की बंद, वॉचडॉग पण आहे. तरी प्रत्येक जण येऊन "थर्मल फ्यूज लाव, थर्मल फ्यूज लाव" करतो. कोड नीट लिहिला असेल तर फ्यूज कशाला? ही सगळी भीती जुन्या लोकांची आहे.

उद्यमबाग_काका
जुन्या लोकांत मी पण आलो, म्हणून लिहितो. पॅनेल वायरिंगमध्ये आयुष्य गेलं माझं. तुझ्या कोडचा गाभा असा असणार:

```
if (temp > 70) {
  digitalWrite(SSR_PIN, LOW);
}
```

ही ओळ पिन लो करते. हीटर बंद करतो तो SSR. आणि SSR मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. पिन लो, SSR वरचा छोटा दिवा विझलेला, आणि हीटर लाल. 70 झाले, 80 झाले, तुझा कोड बिचारा दर सेकंदाला "बंद" म्हणतोय आणि ऐकायला कोणी नाही. वॉचडॉग काय करणार? चिप रिसेट करेल, चिप उठून परत तेच "बंद" म्हणेल. SSR तापून मरतो, नाहीतर लाईट जाऊन येताना जो दणका बसतो त्यानं मरतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा दणका दिवसातून चारदा बसतो. त्यावर 25 अँपिअर छापलंय म्हणून पत्र्याचा हीटसिंक न लावता डब्यात चिकटवला असशील तर आजच बघ. खात्री करायची तर प्लग काढून SSR च्या हीटरकडच्या दोन स्क्रूवर मीटर लाव, ओहममध्ये जवळजवळ शून्य दाखवला की तो गेला.

कोड_निपाणीकर
काका, SSR चं मान्य. पण तुम्ही फर्मवेअरला फारच कमी लेखताय. 3D प्रिंटरमधलं फर्मवेअर Marlin काय करतं बघा, हीटर चालू करून ठरलेल्या वेळात तापमान वाढलं नाही तर सेन्सर निसटला समजून सगळं थांबवतं. संकेतनं ते घातलं, दोन सेन्सर लावले, दोघांत फरक आला की बंद, झालं की. आम्ही बेंगळुरूत याच पद्धतीनं प्रॉडक्ट काढतो. आणि संकेत, DS18B20 ची वायर सुटली तर लायब्ररी -127 देते, तुझ्या `temp > 70` ला ते थंडच वाटणार आणि हीटर चालूच राहणार. ते आधी पकड.

उद्यमबाग_काका
-127 चं बरोबर बोललास, ते मी लिहायला विसरलो. पण दोन सेन्सर लाव नाहीतर दहा लाव, शेवटी सगळे हुकूम त्याच एका SSR ला जाणार ना? दाराला एकच कडी आहे आणि तू पहारेकरी वाढवूलालास.

चिकोडी_कुक्कुट
आमच्या पिल्लांच्या ब्रूडरला मी 5 अँपिअरचा काचेचा फ्यूज लावलाय, शिवाय बोर्डात MCB आहे. दोन वर्षं काही नाही. एवढं डोकं कशाला लावायचं?

उद्यमबाग_काका
अहो, तो फ्यूज करंट बघतो, ऊन बघत नाही. 750 वॅटचा हीटर सव्वातीन अँपिअर घेतो. SSR शॉर्ट झाला तरी सव्वातीनच घेणार, पेटीला आग लागली तरी सव्वातीनच. काचेच्या फ्यूजला आणि MCB ला काही वावगं दिसतच नाही. थर्मल फ्यूज वेगळा, आत एक गोळी असते, ती ठरलेल्या तापमानाला वितळली की संपर्क कायमचा तुटतो. तो हीटरच्या फेजच्या वायरीत SSR शी सरळ मालिकेत घालायचा. त्याला ना कोड लागतो ना सेन्सर.

चिकोडी_कुक्कुट
मग माझ्याकडं काय होतं? बल्ब आहेत, कॉइल नाही.

उद्यमबाग_काका
बल्बवर भुसा उडतो का बघा. त्यावर वेगळा धागा काढा, इथं घोळ होईल.

सुलभा_जांबोटी
मी लावला होता फ्यूज. तीन उडाले एका आठवड्यात, मग काढून टाकला आणि सरळ वायर जोडली, आता सुखानं आमसुलं वाळतात. तुम्ही शहरात बसून सांगता, इकडं झाड पडलं की लाईट गेली, आली, परत गेली. दर वेळी फ्यूज उडालेला, आणि तो मिळतो कुठं? बेळगावात चार दुकानं फिरले, प्रत्येकानं काचेचाच हातात दिला. ऑनलाइन मागवला तर जांबोटीला यायला नऊ दिवस. नऊ दिवसांत आमसुलांना बुरशी. सांगा मी काय करायचं?

कोड_निपाणीकर
हेच म्हणत होतो मी. हार्डवेअर कटऑफ लोकांना नको असताना त्रास देतो आणि मग लोक तो काढतात.

सुलभा_जांबोटी
तुम्ही माझ्या तक्रारीवर आपली पोळी भाजू नका. मला फ्यूज नको असं मी म्हटलं नाही, तो न उडता कसा ठेवायचा ते सांगा म्हटलं. लाईट गेली की काय करायचं ते कोणी बोलत नाही. इन्व्हर्टर घ्या म्हणतात, इन्व्हर्टरच्या पैशात माझी दोन वर्षांची आमसुलं येतात.

उद्यमबाग_काका
वैनी, चूक फ्यूजची नाही, त्याच्या आकड्याची आहे. कितीचा लावला होता? आणि कुठं?

सुलभा_जांबोटी
104 चा. हीटरच्या पट्टीला अगदी चिकटवून. दुकानदारानं नाही, माझ्या भाच्यानं सांगितलं, तो डिप्लोमा करतो.

उद्यमबाग_काका
मग उडणारच. पंखा चालू असताना तिथं 80 असेल, ठीक. लाईट गेली की हीटर बंद, पण पंखा पण बंद. हीटरच्या फिनमध्ये साठलेली ऊब उडवायला वाराच नाही, म्हणून बंद केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं तिथलं तापमान उलट चढतं. लोक चालू असतानाचं मोजतात आणि हे कोणी मोजत नाही. मल्टिमीटरची थर्मोकपलची वायर फ्यूजच्या जागी बांधा, पेटी तासभर 55 वर चालवा, मग प्लग ओढा आणि आकडा कुठं जाऊन थांबतो ते बघत बसा.

सुलभा_जांबोटी
आत्ताच केलं. 79 वरून 121 पर्यंत गेलं. मग उतरायला लागलं.

उद्यमबाग_काका
झालं. 121 ला 104 चा फ्यूज कसा टिकेल. 144 नाहीतर 152 चा लावा. मात्र पाकिटावर आणखी एक आकडा असतो, Th, रोजच्या चालू तापमानाला तो तग धरणारा. तुमचे 79 त्या आकड्याच्या बरेच खाली हवेत, नाहीतर गोळी महिन्या-महिन्यानं थकते आणि विनाकारण उडते. आणि सोल्डर करू नका, सोल्डरिंगच्या उष्णतेनंच अर्धे फ्यूज जागेवर मरतात. क्रिम्प करा. पाय वाकवायचा तर बुडापासून तीन मिलिमीटर सोडून. बाहेरचं कवच धातूचं असतं, त्यात करंट असतो, वरून फायबरग्लासची नळी घालाच. पाच मागवून ठेवा एकदम, नऊ दिवसांचा प्रश्न सुटला.

संकेत_टिळकवाडी
ठीक आहे, SSR चं पटलं, आवडलं नाही पण पटलं. मग मी 77 चा फ्यूज वरच्या ट्रेला लावतो, सेन्सरच्या शेजारी. तिथं 55 च असतं, साठलेल्या उबेचा प्रश्नच नाही.

उद्यमबाग_काका
आणि पंखा अडकला तर? हीटर तळाशी, ट्रे वर. पंखा बंद पडला की ऊन हीटरपाशीच साठतं, वरच्या ट्रेपर्यंत पोचायला वेळ लागतो, वरचा सेन्सर म्हणतो 48, तुझा कोड म्हणतो अजून तापव, आणि खाली प्लाय काळं पडूलालंय. तुझा 77 चा फ्यूज वर झोपलेला. फ्यूज हीटरपाशीच लागतो, थोडा वर, कारण वारा नसताना ऊन वर चढतं.

कोड_निपाणीकर
इथं मी काकांना पकडतो. फ्यूज हीटरपाशी 152 चा. आता SSR शॉर्ट, पंखा मात्र चालू. पंखा हीटरला थंड ठेवतोय. 152 येईलच कशावरून?

उद्यमबाग_काका
संकेत, 55 वर स्थिर झाल्यावर हीटर किती वेळ चालू असतो?

संकेत_टिळकवाडी
लॉगमध्ये साधारण 40 टक्के. बाहेर 25 होतं. फ्यूज लावायचा म्हणतोय तिथं आज मोजलं, 75.

उद्यमबाग_काका
म्हणजे 300 वॅटमध्ये पेटी बाहेरपेक्षा 30 अंश वर. पूर्ण 750 सतत गेले तर ढोबळ हिशोबानं 75 अंश वर, पेटी 100 ला. फ्यूजची जागा पेटीपेक्षा 20 वर असते ती 50 वर जाईल, म्हणजे 150. काठावर. उडेल किंवा नाही उडणार, आणि 100 अंशात तुझे पापड कोळसा होईपर्यंत पेटी तशीच भाजत राहील. निपाणीकरांचा मुद्दा खरा आहे, मी एकाच फ्यूजवर बोलत होतो ते अपुरं होतं.

म्हणून पेटीच्या छताला दुसरा कटऑफ लाव, KSD301 चा 80 अंशाचा, बटणवाला, आपोआप परत चालू न होणारा. आपोआप जुळणारा लावलास तर SSR शॉर्ट असताना तो तोडणार, थंड झाला की जोडणार, रात्रभर हेच, आणि शेवटी त्याचेच काँटॅक्ट चिकटतील. तोही फेजमध्ये मालिकेत. छतावरचा SSR साठी, हीटरवरचा पंख्यासाठी. पंखा अडकला तर छत उशिरा तापतं हे विसरू नको.

कोड_निपाणीकर
मान्य केलंत यातच आलं. पण हीटरमागे 18 मिलिमीटरच्या प्लायला 152 पर्यंत थांबायचं मला पटत नाही. लाकूड 100 च्या वर महिनोन्महिने राहिलं तर काळं पडतं आणि मग कमी तापमानाला पेट घेऊ शकतं.

उद्यमबाग_काका
152 हे हवेचं, बिघाडाच्या वेळचं, रोजचं नव्हे. हीटरमागे पत्रा आणि पत्र्यामागे बोटभर फट ठेवली तर प्लाय तेवढं तापत नाही. मी असंच करत आलोय.

कोड_निपाणीकर
करत आलोय म्हणजे मोजलंय का? ती फट मोजून दाखवा, मग बोलू.

सुलभा_जांबोटी
तुमचं भांडण चालू दे. मी पाच 144 चे मागवले. मधले नऊ दिवस सरळ वायरीवर ड्रायर लावून मी बाहेर जाणार नाही, आमसुलं मागच्या पडवीत पसरलीत. आणि मघाशी परत लाईट गेली.

संकेत_टिळकवाडी
काल रात्री SSR ला जंपर मारून, पंखा चालू ठेवून, दारात बसून बघितलं. छताचा कटऑफ एक तास दहा मिनिटांनी उडाला, हीटरपाशी तेव्हा 122 होतं. मग पंख्याचा प्लग काढून केलं. हीटरपाशी सात मिनिटांत 152 चा फ्यूज गेला आणि वरचा DS18B20 तेव्हा 46 दाखवत होता. 46! माझ्या कोडनं तर अजून तापवलं असतं. मागच्या प्लायला हात लावला तर सहन होत नव्हतं, पत्र्याची फट मी ठेवलीच नाही. किती ठेवू, बोटभर म्हणजे मिलिमीटरमध्ये सांगा.