किंमत आधी, खर्च नंतर : टार्गेट कॉस्टिंग ही पद्धत की दमदाटी?

रोखठोक
टार्गेट कॉस्टिंगचा एवढा गवगवा का होतो, हे मला कळत नाही. बाजारभाव ठरलेला, नफा ठरलेला, मग उरलेल्या आकड्यात खर्च बसवण्यासाठी पुरवठादाराच्या पोटाला चिमटा काढायचा, एवढेच ना? यात पद्धत कसली? ही निव्वळ दमदाटी आहे.

आरेखनवाला
दमदाटी सर्रास चालते, हे मान्य. पण तिला टार्गेट कॉस्टिंग म्हणून मोकळे होणे, हे ज्यांनी ड्रॉइंग बोर्डावर एकेका भागासाठी झगडा केला आहे, त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

विजेची किटली घ्या. ग्राहक तिला १०० मोजेल, असे गृहीत धरू. कर आणि विक्रेत्यांचा वाटा मिळून ३० गेले, कंपनीच्या हाती ७० आले. त्यावर दहा टक्के, म्हणजे ७ नफा हवा असेल, तर खर्चाला ६३ उरतात. सध्याच्या आरेखनाप्रमाणे हिशेब मांडला, तर खर्च ७४ येतो. म्हणजे तूट ११ची. हे ११ कुठून येतात, यावरच पद्धत आणि दमदाटी यांतला फरक ठरतो.

आमच्याकडे किटलीच्या बाहेरच्या कवचाची जाडी अडीच मिलिमीटर होती, ती दोनवर आणायची ठरली. प्लास्टिक वाचते ते वाचतेच, पण साच्यात भाग थंड होण्याचा वेळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तोही जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो आणि यंत्र तेवढे लवकर मोकळे होते. मात्र पातळ कवच वाकते, म्हणून आतून आधाराच्या उभट पट्ट्या, म्हणजे रिब द्याव्या लागतात, आणि रिब कवचाच्या निम्म्याहून फार जाड झाली की बाहेरच्या चकचकीत पृष्ठभागावर खड्डा उमटतो. हे सारे निस्तरल्यावर पदरात ३ पडले. तळाचे सहा स्क्रू काढून चार जागी खटक्याने बसणारे जोड दिले, जुळणीचा वेळ धरून २ वाचले. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दोन खिडक्यांपैकी एक काढली, कारण दुसरीसाठी ग्राहक जादा पैसे द्यायला तयार नव्हता. तिथे आणखी १. एकूण ६ झाले. यातला प्रत्येक आकडा बदललेल्या ड्रॉइंगवर बोट ठेवून दाखवता येतो. ज्या बचतीमागे ड्रॉइंगचा एकही नवा क्रमांक नाही, ती बचत संशयास्पद समजावी.

रोखठोक
छान. पण ११ मधून ६ गेले, तर ५ उरतात. ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलेत.

सुटा भाग
ते पाच माझ्याकडून घेतले गेले, मी सांगतो. माझा छोटा कारखाना आहे, साच्यातून भाग काढून देतो. एका बड्या कंपनीने असेच पातळ कवच आणले आणि नवा साचा मी माझ्या पैशाने करावा, असे ठरवले. साच्याचा खर्च दोन लाख नगांवर वाटून भागाच्या दरात मिळवला, कारण त्यांच्या अंदाजात तेवढी विक्री होती. प्रत्यक्षात एक लाख दहा हजार नगांवर मागणी थांबली. उरलेल्या नव्वद हजार नगांवरचा, म्हणजे साच्याचा पंचेचाळीस टक्के खर्च माझ्या गळ्यात. त्यांच्या कागदावर मात्र ६३चे लक्ष्य साध्य झाले, टाळ्या पडल्या. तुमचे बदललेले ड्रॉइंग माझ्याकडेही आहे, भिंतीवर लावले आहे.

आरेखनवाला
हे वाईट झाले, पण यात दोष कराराचा आहे. साच्याची रक्कम कंपनीने एकरकमी द्यायला हवी होती, नाहीतर ठरलेले नग न उचलल्यास उरलेली रक्कम भरून देण्याची अट घालायला हवी होती.

सुटा भाग
अट घालणारे आम्ही कोण? सही करायची नसेल तर रांगेत दुसरे उभे आहेत, हे पहिल्याच बैठकीत ऐकवले जाते. शिवाय पुढच्या वर्षी पुन्हा दरात कपात मागितली, त्याही वेळी ‘टार्गेट’ हाच शब्द होता.

जपानप्रेमी
दरवर्षीची कपात ही वेगळी गोष्ट आहे, ती उत्पादन सुरू झाल्यानंतरची. ज्या टोयोटाने १९६०च्या दशकात ही पद्धत रुजवली, तिच्याकडे पुरवठादारांचे अभियंते आरेखनाच्या टप्प्यातच येऊन बसत आणि खर्च कमी करण्याच्या सूचना तेच देत. १९७३च्या तेलसंकटानंतर ही पद्धत जपानभर पसरली. ऐंशी टक्के खर्च आरेखनातच ठरतो, मग नंतर पुरवठादाराला पिळून मिळणार काय? तिथे हा प्रकारच नव्हता.

आरेखनवाला
ऐंशी टक्क्यांचा आकडा तोंडोतोंडी फिरतो. तो वस्तूगणिक बदलतो आणि कोणी प्रामाणिकपणे मोजला, तर वाद होतील. आरेखनात बरेच काही बांधले जाते, एवढेच खरे. आणि तिथे सारे गोडीगुलाबीने चालले, असे मानू नका. डॉलरचा भाव उतरवण्यासाठी बड्या देशांनी केलेल्या १९८५च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने वधारला, परदेशातली किंमत वाढवता येईना, तेव्हा येनमधले लक्ष्य आकसले आणि ताण खाली पुरवठादारांपर्यंतही झिरपला.

निविदाग्रस्त
आमच्याकडे संगणकप्रणालीच्या निविदेत हेच घडते. रक्कम आधी ठरते, मग आम्ही रात्री जागून काम त्यात कोंबतो. त्यामुळे हा विषय मला चांगलाच ठाऊक आहे.

आरेखनवाला
तुमचे दुःख खरे, पण गल्लत होते आहे. निविदेत काय द्यायचे तेही बांधलेले असते. इथे किंमत बांधलेली, पण दुसरी खिडकी ठेवायची की नाही, हा प्रश्न खुला असतो. तुम्हाला ती मुभा नाही, म्हणून रात्री जागता.

सेवाकेंद्र
खिडकीचे सोडा, त्या खटक्याच्या जोडांबद्दल बोलू. मी दुरुस्ती विभाग सांभाळतो. पूर्वी थर्मोस्टॅट बिघडला की सहा स्क्रू काढून तो बदलत असू. आता उघडताना खटके तुटतात आणि संपूर्ण तळ बदलावा लागतो. आरेखनवाल्यांचे २ वाचले, ते हमीच्या काळात माझ्या खात्यावर चढले. त्यांच्या ६३मध्ये हमीचा खर्च धरलेला तरी होता का?

आरेखनवाला
धरलेला होता, पण जुन्या किटलीच्या बिघाडांवरून. नव्या जोडाने दुरुस्ती महागेल, हे त्यात नव्हते. तेव्हा त्या २ मधून तुमच्या खर्चाइतकी वजावट करायला हवी, हे कबूल. तुमचा हिशेब पाठवा, म्हणजे खरी बचत किती उरते ते कळेल.

रोखठोक
म्हणजे ६ मधलेही काही गेले. राहिलेल्या ५चे उत्तर अजून आलेले नाही.

आरेखनवाला
आले नाही, कारण नेमके उत्तर वरिष्ठांना आवडत नाही. आरेखन, साहित्य आणि जुळणी धुंडाळूनही तूट उरली, तर या किमतीला ही वस्तू बाजारात आणू नये, हा या पद्धतीचा मूळ नियम आहे. आमच्या इथे त्याऐवजी विक्रीचा अंदाज फुगवला गेला, कारण नग वाढले की कारखान्याचा स्थिर खर्च प्रतिनग कमी दिसतो. त्यातून २ काढले आणि ३ खरेदी विभागाकडे सोपवले.

सुटा भाग
आणि खरेदी विभागाने ते माझ्याकडे सोपवले. फुगवलेला अंदाज तोच, ज्यावर माझा साचा वाटला गेला होता. आता कळले, ते दोन लाख आले कुठून.

जपानप्रेमी
तरीही हा पद्धतीचा दोष नव्हे.

रोखठोक
नियम मोडण्याची सोय वरिष्ठांच्या हाती, साच्याची सही छोट्या कारखानदाराच्या हाती, आणि दोष कोणाचाच नाही. आपण पुढच्या किटलीला कोणते लक्ष्य देणार आहात, तेवढे सांगा.

आरेखनवाला
६१. बाजारभाव घसरला आहे.