मदत हवी आहे: ग्राहकाला गेलेली चिडकी उत्तरं शांतपणे, पण नियम न सोडता कशी लिहायची? (हापूस, साका, पैसे परत)

शमिका_रत्नागिरी

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळ आमची हापूसची बाग आहे. तीन वर्षं झाली, आम्ही स्वतःच्या वेबसाइटवरून पेट्या विकतो. बाग बाबा बघतात, पेट्या भरणं आणि ग्राहकांच्या व्हॉट्सॅपला उत्तरं देणं दादाकडे. मोसमात तो पहाटे चारला उठतो आणि रात्री अकराला फोन हातात घेतो, तेव्हा उत्तरं कशी जात असतील ते समजून घ्या.

पुण्याच्या एका काकूंनी पाच डझनांची पेटी घेतली, साडेचार हजारांची. फळं कच्ची होती, गवतात भरलेली. पेटी २२ एप्रिलला पोचली. २९ ला त्यांचा मेसेज आला: "अकरा आंबे आतून पांढरे आणि आंबट निघाले. नातवाच्या वाढदिवसाचा आमरस करायचा होता. पूर्ण पैसे परत द्या." सोबत आठ कापलेल्या फळांचे फोटो. फळ आतून असं पांढरं आणि आंबट निघतं त्याला साका म्हणतात. तीन त्यांनी आधीच टाकून दिली होती.

दादाने दिलेली उत्तरं, जशीच्या तशी:

१) "पेटी २२ ला मिळाली, तुम्ही आज सांगताय. २४ तासांचा नियम वाचला नाही का?"

२) "अकरा म्हणता आणि फोटो आठच. बाकीचे कुठे आहेत?"

३) "साका ही निसर्गाची गोष्ट आहे, आंबा कारखान्यात बनत नाही."

४) "पूर्ण पैसे मिळणार नाहीत. पटत नसेल तर पुढच्या वर्षी घेऊ नका."

वेबसाइटवरचा नियम असा: 'पेटी मिळाल्यापासून २४ तासांत फोटोसह कळवावे. खराब निघालेल्या फळांचे तेवढेच पैसे परत मिळतील. पूर्ण पेटीचे पैसे परत मिळणार नाहीत.'

काकू तिसऱ्या वर्षीच्या ग्राहक आहेत. मला हे सगळं नीट लिहून पुन्हा पाठवायचं आहे, पण नियमाच्या बाहेर जाऊन पैसे वाटायचे नाहीत. कसं लिहू?

सदाफुली

शमिका, एक सांगते, 'सॉरी' किंवा 'माफ करा' अजिबात लिहू नकोस. लिहिलंस की चूक कबूल केल्यासारखं होतं, उद्या ग्राहक आयोगात तोच मेसेज दाखवतील. नियम वेबसाइटवर आहे, पैसे भरताना त्यांनी 'मान्य' वर टिक केलंय. तोच नियम सभ्य भाषेत कॉपी करून पाठव: "आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे, परंतु कंपनीच्या धोरणानुसार…" वगैरे. विषय संपला.

पुणेकर_आंबेप्रेमी

माझ्याकडे दुसऱ्या एका बागेची पेटी आलीय. फळं आठ दिवस झाले तरी हिरवीच. तांदळात ठेवू का? हापूस असाच असतो का?

जुनी_हेल्पलाईन

शमिका, मी पुण्यात एका टेलिफोन कंपनीच्या मदत केंद्रात अकरा वर्षं होते. शेवटची पाच वर्षं दुसऱ्यांची उत्तरं तपासण्यात गेली. तेव्हा आम्ही करायचो तेच सांगते. चिडक्या उत्तरातला राग बाजूला काढायचा आणि खाली माहिती काय उरते ते बघायचं. माहिती उरली तर ती ठेवायची, उरली नाही तर वाक्यच टाकून द्यायचं.

पहिल्या उत्तराखाली उरतं 'आमचा २४ तासांचा नियम आहे'. दुसऱ्याखाली 'आठ फोटो मिळाले, तीन नाहीत'. तिसऱ्याखाली 'हा साका आहे'. चौथ्याखाली 'पूर्ण पेटीचे पैसे देत नाही'. शेवटचं वाक्य, पुढच्या वर्षी घेऊ नका, त्याच्याखाली काहीच नाही. ते जातं.

आता या चारांपैकी पहिलं नीट बघ. फळं कच्ची पाठवलीत. २४ तासांत कच्चा आंबा कोण कापून बघणार? पेटी दबली, फळं फुटली, ओली झाली, यासाठी २४ तास ठीक आहेत. साका कापल्यावर कळतो आणि कापणार पिकल्यावर. म्हणजे या तक्रारीला तुमचा नियम लागूच होत नाही. दादा ज्यावर सगळ्यात जास्त चिडलाय, तिथेच काकू बरोबर आहेत. गोड भाषेत तोच नियम सांगितलास तर त्या अजून चिडतील.

सदाफुली, 'माफ करा' कशाबद्दल लिहितो ते महत्त्वाचं. "आम्ही खराब माल पाठवला, माफ करा" आणि "माझी कालची उत्तरं तुटक होती, माफ करा" यात फरक आहे. दुसरं तर खरंच आहे आणि ते लिहायलाच हवं. आणि टिक केलं म्हणून विषय संपत नाही. ई-कॉमर्ससाठी २०२० साली ग्राहक संरक्षणाचे नियम आले. त्यात तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करायचं आहे, आणि सदोष माल असेल तर पैसे द्यायला नकार देता येत नाही. वेबसाइटवर काहीही लिहिलेलं असो.

शमिका_रत्नागिरी

२४ तासांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं! दादाला दाखवलं, तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे आधी कोणी सांगितलं नाही." मी एक मसुदा केलाय:

"काकू, तुमचा त्रास आम्ही समजू शकतो, पण आमच्या नियमानुसार पूर्ण पैसे देता येत नाहीत. तुम्ही तीन फळांचे फोटो पाठवले नाहीत, त्यामुळे त्यांचे पैसे देता येणार नाहीत."

जुनी_हेल्पलाईन

सूर खाली आलाय. आता तीन गोष्टी.

'समजू शकतो, पण' यातला 'पण' काढ. माणूस 'पण'च्या पुढचंच वाचतो आणि आधीचं सगळं तोंडदेखलं वाटतं. दोन वेगळी वाक्यं कर, मधे पूर्णविराम. आणि 'तुमचा त्रास' म्हणजे कुठला? नातवाचा वाढदिवस त्यांनी स्वतः सांगितलाय. तो लिही, म्हणजे मेसेज वाचलाय हे कळेल.

'तुम्ही फोटो पाठवले नाहीत' हे बोट दाखवणं झालं. मराठीत कर्ता बदलला की बोट आपोआप खाली येतं: "तीन फळांचे फोटो मिळाले नाहीत." माहिती तीच.

आणि 'देता येत नाहीत' दोनदा आलंय, किती देणार ते एकदाही नाही. आकडा लिही, कधी मिळणार ते लिही. 'लवकरात लवकर' लिहू नकोस, त्यावर उद्या सकाळी परत मेसेज येतो.

अजून एक, 'आपण' नको. "आपण फोटो पाठवावेत" यात आपण म्हणजे त्या की तुम्ही, हेच कळत नाही. इतकी वर्षं 'काकू, तुम्ही' म्हणताय ना, तेच ठेव. एकदम 'आपल्या गैरसोयीबद्दल खेद' वर गेलात तर दार लावल्यासारखं वाटेल.

राजापूरचा_बागायतदार

ताई म्हणतात ते पटलं, फक्त साक्याच्या वाक्याबद्दल बोलतो. "निसर्गाची गोष्ट आहे" असं आम्हीही म्हणतो, पण ते अर्धंच खरं. फळ झाडावर जास्त तयार होऊ दिलं की साका वाढतो, थोडं आधी, चौदा आणे तयार असताना काढलं की कमी होतो. उतरवलेलं फळ तापल्या जमिनीवर ठेवलं तरी त्रास होतो. म्हणजे आपल्या हातात काहीच नाही असं ग्राहकाला सांगू नका. बाहेरून ओळखता येत नाही, एवढं मात्र शंभर टक्के खरं, तेवढंच सांगा.

आणि फोटो नीट बघा. साल चांगली, आत पांढरट, स्पंजासारखं, तर साका. देठाकडून काळं होत आत गेलेलं असेल तर ती देठकुज. एका बाजूला मऊ, पाणी सुटलेलं, तर वाहतुकीत दबलंय. उत्तर प्रत्येकाचं वेगळं.

पुणेकर, तांदळात ठेवा, नाहीतर गवतात, एकावर एक रचू नका. फ्रीजमध्ये कच्चा ठेवला असेल तर मात्र तो नीट पिकणार नाही.

शमिका_रत्नागिरी

राजापूरच्या दादांनी सांगितल्यावर फोटो परत पाहिले. आठही साकाच आहेत, साल अगदी स्वच्छ. आता हे लिहिलंय, दादाच्या नावाने:

"काकू, नमस्कार. नातवाच्या वाढदिवसाला आमरस करायला बसलात आणि फळामागून फळ पांढरं निघालं, ऐन वेळी फार धावपळ झाली असेल. वाईट वाटलं. माझी कालची उत्तरं तुटक होती, त्याबद्दल माफ करा. २४ तासांचा नियम दबलेल्या-फुटलेल्या फळांसाठी आहे, तो तुम्हाला लावायला नको होता.

आठही फोटो पाहिले. हा साका आहे. बाहेरून फळ चांगलं दिसतं, कापल्यावरच कळतं, त्यामुळे पेटी भरताना आम्हाला तो दिसत नाही.

जेवढी फळं खराब निघतात तेवढ्यांचे पैसे आम्ही परत देतो, पूर्ण पेटीचे देत नाही. पेटीत साठ फळं, म्हणजे एका फळाचे ७५ रुपये. आठ फळांचे ६०० रुपये आज संध्याकाळी सहाच्या आत पाठवतो. बाकीच्या तीन फळांचे फोटो मिळाले नाहीत. टाकण्याआधी काढलेला एखादा फोटो असेल तर पाठवाल का? म्हणजे त्यांचेही २२५ देता येतील."

जुनी_हेल्पलाईन

पाठव. फक्त सहाच्या आत म्हणालीस तर साडेपाचला पैसे गेलेच पाहिजेत. आणि दादालाच पाठवू दे, तू पाठवलंस तर माफी तुझी होते.

तीन फळांबद्दल माझं मत वेगळं आहे. आठ फोटो खरे निघाले, तिसऱ्या वर्षीच्या ग्राहक आहेत, मी २२५ फोटो न मागता दिले असते आणि "या वेळी देतोय, पुढच्या वेळी कापल्यावर लगेच फोटो काढून ठेवा" असं लिहिलं असतं.

सदाफुली

हे मला नाही पटत. एकाला फोटोशिवाय दिले की नियम उरतच नाही. सोसायटीच्या ग्रुपवर दहा मिनिटांत पसरतं. 'माफ करा'बद्दलचं मात्र मान्य, मी दोन्ही एकच धरत होते.

शमिका_रत्नागिरी

दादाने दुपारी पाठवलं, पाचला पैसेही पाठवले. काकूंचं उत्तर: "मिळाले. फोटो नाहीत रे. पण नीट बोललास, बरं वाटलं." पूर्ण पैशांचा विषय त्यांनी परत काढला नाही. २२५ द्यायचे की नाही यावर घरात दोन तट आहेत, बाबा सदाफुलीच्या बाजूने.

नियम बदलतोय: दबलेली, फुटलेली फळं २४ तासांत, साका कापल्या दिवशीच फोटोसह. पण पेटी मिळाल्यापासून एकूण मुदत किती ठेवायची? दादा सात दिवस म्हणतो.

राजापूरचा_बागायतदार

एप्रिलच्या सुरुवातीचं कच्चं फळ पिकायला सात दिवसांहून जास्त घेऊ शकतं, मे मधलं चार-पाच दिवसांत तयार होतं. एकच आकडा लिहायचा तर मी दहा लिहीन. आमच्याकडे अजून बाराच आहेत, आणि त्यावरून दरवर्षी वाद होतो.