प्रतिसाद: शिकाऊ लायसन्सच्या लेखी परीक्षेसाठी क्लास हवा का?

> "मुलीचं कारचं लर्निंग लायसन्स काढायचंय. ड्रायव्हिंग स्कूल थिअरीसकट पॅकेज सांगतंय. घरी अभ्यास करून जमेल का?"

ताई, थिअरीपुरतं नक्की जमेल. कारच्या एका वर्गाला शिकाऊ लायसन्सचे 150 आणि परीक्षेचे 50, असे सरकारी 200 रुपये. नापास झाली तरी फेरपरीक्षेला पुन्हा 50 लागतात. त्यामुळे थिअरीच्या नावाखाली शाळा जे जास्तीचे मागेल, ते या पन्नाशी ताडून बघा.

पास व्हायला 60 टक्के लागतात. नियम बहुतेकांना येतात, गाडी अडते ती चिन्हांवर. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ म्हणजे पार्किंगला मनाई, दोन रेघांची फुली म्हणजे थांबायलाच मनाई. घाईत हीच जोडी उलटी होते. आमच्या भाचीला आधी आकार शिकवले: लाल कडेचा त्रिकोण धोक्याची सूचना देतो, गोल बहुधा आज्ञा, चौकोन माहिती. मग sarathi.parivahan.gov.in वरची सराव परीक्षा द्यायला लावली आणि चुकलेली चिन्हंच वहीत काढायला सांगितली. बडोद्यात गुजराती शाळेत शिकलेल्या मुलांनी सराव गुजरातीतूनच करावा, प्रश्न पटकन उमगतो.

शाळेचे पैसे स्टिअरिंगवर घालवा. क्लच आणि चढावरची गाडी पुस्तकातून येत नाही. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राचा 29 तासांचा कोर्स, त्यात 21 तास प्रत्यक्ष चालवणं, पूर्ण केला तर पक्क्या लायसन्सची ड्रायव्हिंग टेस्ट माफ होते. साध्या शाळेच्या दाखल्याने ती होत नाही, म्हणून फी भरण्यापूर्वी मान्यतापत्र बघायला मागा.