तळघरातल्या स्विचचं काय करायचं? (सोसायटी ग्रुप, गुरुवार संध्याकाळ)

सेक्रेटरी: नमस्कार. सोमवारी संध्याकाळी चारही विंगचं वायफाय, इंटरकॉम आणि लिफ्टचे कॅमेरे ४० मिनिटं बंद होते. कारण सापडलंय. तळघरातल्या रॅकमध्ये नेटवर्कचे तीन स्विच आहेत, त्यातल्या एक नंबरच्या एक्स्टेंशन बोर्डचा फ्यूज गेला होता. व्हेंडरचं म्हणणं, तिन्ही स्विच 'स्टॅक' केले आहेत, मास्टर गेला की सगळं जातं, म्हणून स्टॅक सोडवून तिन्ही वेगवेगळे करू. एक नंबरचं युनिट काढून क्लबहाऊसला लावावं असंही तो म्हणतोय. रविवारच्या मीटिंगला विषय ठेवायचा आहे, मतं कळवा.

ए-७०४: मग करून टाका वेगळे. एकामुळे तिघांनी बसायचं म्हणजे काय?

डी-१०१: मला स्टॅक म्हणजे नक्की काय तेच माहीत नाही. कोणी सोप्या शब्दांत सांगेल का?

सी-६०२: मी सांगतो काका, माझं रोजचं काम हेच आहे. आणि मीटिंगआधी सांगायलाच हवं, कारण सोमवारी मास्टर गेल्यामुळे सगळं गेलं हे निदान चुकीचं आहे.

आपल्याकडे कॅटलिस्ट ९२००एलची तीन युनिट आहेत. मागच्या बाजूने खास स्टॅक केबलने ती एकमेकांना गोल जोडली आहेत. त्यामुळे तीन डबे असले तरी बाहेरून तो एकच स्विच दिसतो: एक आयपी, एक पासवर्ड, एक कॉन्फिगरेशन. आत एक युनिट कारभार बघतं, त्याला ॲक्टिव्ह म्हणतात, जुन्या भाषेत मास्टर. दुसरं स्टँडबाय. त्याच्याकडे सगळ्या कॉन्फिगरेशनची ताजी प्रत कायम असते. ॲक्टिव्ह गेला की स्टँडबाय लगेच खुर्चीवर बसतो. उरलेली युनिट रीस्टार्ट होत नाहीत, त्यांच्या पोर्टवरची ये-जा चालू राहते, कॅमेऱ्यांना जाणारी वीजही तुटत नाही. बंद पडतात ते फक्त गेलेल्या युनिटचे स्वतःचे पोर्ट.

बी-३०२: पण दादा, आमच्या विंगला तर काहीच चालत नव्हतं!

सी-६०२: बरोबर आहे वहिनी, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. प्रत्येक युनिटला पुढे फायबरचे ४ पोर्ट आहेत. विंगही चारच. व्हेंडरने चारही विंगचे फायबर एक नंबरच्याच चार पोर्टमध्ये लावले, राउटरची केबलही तिथेच. दोन आणि तीन नंबरचे फायबर पोर्ट रिकामे. म्हणजे दोन नंबरने कारभार हातात घेतला, पण विंगकडे जायचा रस्ताच त्याच्याकडे नव्हता.

पुरावा हवा असेल तर सोमवारचं पार्किंगचं रेकॉर्डिंग बघा. ते कॅमेरे दोन आणि तीनवर आहेत, रेकॉर्डिंग साठवणारा एनव्हीआर दोनवर. मी काल गार्डच्या केबिनमध्ये बसून बघितलं. ७:१० ते ७:५० पूर्ण रेकॉर्डिंग आहे. बूम बॅरियरही चालू होता. मास्टर गेल्यावर सगळं जात असतं, तर हे गेलं असतं.

ए-७०४: म्हणजे वेगळे केले तरी फरक पडणार नाही?

सी-६०२: वायर अशाच राहिल्या तर अजिबात नाही. चारही फायबर त्याच डब्यात असतील, तर तो डबा गेल्यावर चारही विंग जाणार, मग स्टॅक असो की नसो. उपाय वायरिंगमध्ये आहे. प्रत्येक विंगला ६ कोअरची फायबर टाकलेली आहे, त्यातले २ कोअरच वापरात आहेत. आणखी २ कोअर दोन नंबरच्या युनिटला आणू. विंगमधल्या स्विचला दुसरा फायबर पोर्ट आहेच. दोन्ही मिळून एकच लिंक बांधायची, एक टोक पहिल्या डब्यात, एक दुसऱ्यात. ए विंगसाठी एवढंच:

```
interface range Gi1/1/1, Gi2/1/1
 channel-group 11 mode active
```

विंगच्या बाजूलाही तसंच. राउटरची दुसरी केबल तीन नंबरला. फायबर पोर्टमध्ये बसणारी एकूण ८ एसएफपी मॉड्यूल लागतील, चार खाली आणि चार वर.

सेक्रेटरी: हेच वेगळे स्विच ठेवून करता येणार नाही का?

सी-६०२: येतं सर. पण वेगळ्या स्विचवर दुसरी फायबर लावली की लूप होतो, म्हणून स्विचमधला स्पॅनिंग ट्री नावाचा प्रोटोकॉल ती अडवून ठेवतो आणि पहिली तुटल्यावर उघडतो. चालतं, फक्त एक फायबर एरवी रिकामी पडून राहते, आणि प्रत्येक नवा व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा वेगळा कप्पा, तीन ठिकाणी टाकावा लागतो. एका ठिकाणी विसरलं की दोन तास शोधण्यात जातात, हे मी कामावर कितीदा भोगलंय.

वेगळ्याचे दोन फायदे मात्र खरे आहेत. सॉफ्टवेअर अपडेट एकेकाचं करता येतं, स्टॅकमध्ये साधारणपणे तिन्ही एकदम रीस्टार्ट होतात. आणि चुकीची कमांड एकाच डब्याचं नुकसान करते. हॉस्पिटल असतं तर मी वेगळेच ठेवा म्हटलं असतं. आपल्याला रात्री तीनला दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवणं परवडतं.

विंगमधले स्विच वेगळेच राहू द्यायचे. या स्टॅकची सर्वांत लांब केबल ३ मीटरची असते, ती एका रॅकपुरतीच.

डी-१०१: व्हेंडरने फोटो पाठवला होता, एक नंबर परत आल्यावर 'मास्टर' राहिला नाही म्हणून. ते बिघडलंय का?

सी-६०२: नाही काका, ते नीट चाललंय. `show switch` मध्ये आत्ता असं दिसतं (मॅक ॲड्रेस आणि व्हर्जनचे रकाने गाळलेत):

```
 1   Member    15   Ready
*2   Active    14   Ready
 3   Standby    1   Ready
```

एक नंबरची प्रायॉरिटी १५, सगळ्यात जास्त. तरी तो परत आल्यावर चालू कारभार हिसकावून घेत नाही, साधा सभासद म्हणून बसतो. पूर्ण स्टॅक पुन्हा चालू होईल तेव्हाच नव्याने निवड होईल. उगाच बदलायला जाऊ नका.

दोन गोष्टींची मला खरी काळजी वाटते. पहिली म्हणजे स्टॅक केबल. तीन केबल आहेत म्हणून एक नंबर गेल्यावर दोन आणि तीन एकमेकांना थेट दिसत राहिले. त्यांच्यामधली केबल निघालेली असती, तर दोघेही स्वतःला ॲक्टिव्ह समजून एकाच आयपीने उभे राहिले असते. मग अर्धं चालतं, अर्धं नाही, आणि कारण पटकन कळत नाही. म्हणून `show switch stack-ports` मध्ये सहाही ठिकाणी `OK` दिसतंय ना, हे महिन्यातून एकदा बघायलाच हवं. एक जरी `DOWN` असेल तरी सगळं वरून चालू दिसतं, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

दुसरी, एक नंबर क्लबहाऊसला नेण्याची सूचना. कृपया नको. स्टॅक अजूनही त्याच युनिटचा मॅक ॲड्रेस वापरतोय. तोच डबा त्याच नेटवर्कमध्ये दुसरीकडे लावला तर एकाच पत्त्याचे दोन मालक होतील.

बी-३०२: आणि तो एक्स्टेंशन बोर्ड?

सी-६०२: तो तर आधी काढा. एक नंबर त्या बोर्डवर आणि बाकी दोन थेट यूपीएसवर कशासाठी? तिन्ही यूपीएसवर घ्या.

सेक्रेटरी: ठीक आहे. ८ मॉड्यूल आणि पॅचकॉर्डचं कोटेशन मागवतो. लावल्यावर तपासायचं कसं?

सी-६०२: सकाळी ६ वाजता मी रॅकपाशी असेन. आधी एक नंबरची पिन काढायची, मग तो परत आल्यावर दोनची. दोन्ही वेळा प्रत्येक विंगमधून एकाने इंटरकॉमवरून गेटला फोन लावायचा. एकाही विंगचा फोन लागला नाही, तर व्हेंडरचं बिल त्या दिवशी द्यायचं नाही.

ए-७०४: ए विंगमधून मी लावतो.

बी-३०२: बी मधून मी. ६ ला उठलेलीच असते.